पहिली आंघोळ आणि तपकिरी डबा

फोटो अर्ध्या तासापासून तयार आहे. त्याखाली लिहायची ओळ तेवढी सुचत नाही. परदेशातल्या भाड्याच्या खोलीतील ही माझी पहिली दिवाळी असल्यामुळे घरच्या ग्रुपवर काहीतरी प्रसन्न लिहिणे भाग आहे, पण मन अजून काल पहाटेच्या अपमानापाशीच घुटमळते आहे.

मी श्टुटगार्टमध्ये राहतो. आमच्या इमारतीच्या नियमावलीप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 हा शांततेचा काळ आहे. काल, म्हणजे 31 ऑक्टोबर 2024 रोजी, नरकचतुर्दशी होती. मी साडेचारला उठलो, अंगाला तेल चोळले, उटणे लावले आणि पहिल्या आंघोळीला नळ सोडला. कारीट इथे कुठून मिळणार, म्हणून बरणीतली आंबवलेली काकडी उंबऱ्याबाहेर ठेवून ती डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडली आणि रीतीप्रमाणे तिचा रस जिभेला लावला. कारीट कडूजहर असते. माझा नरकासुर मात्र आंबटगोड निघाला.

बरोबर 6 वाजून 1 मिनिटाने घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आजीबाई उभ्या होत्या. माझ्या पाण्याच्या आवाजाने त्या पावणेपाचपासून जाग्या होत्या, परंतु सहाच्या आत दुसऱ्याच्या दाराची घंटा वाजवणे नियमात बसत नसल्यामुळे सव्वा तास रागाला झाकण घालून बसल्या होत्या.

“तुम्ही पहाटे आंघोळ का करता?” त्यांनी विचारले.

माझ्या तुटपुंज्या जर्मनमध्ये मी सांगितले, की आज सूर्योदयापूर्वी स्नान न करणारा नरकात जातो, अशी आमच्याकडे समजूत आहे. त्या हसतील किंवा चिडतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी हिशेब केला.

“सूर्य तर सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तुम्हाला सहा ते सात असा पूर्ण एक तास मिळतो. तुमच्या घरात माणसे किती?”

“एक.”

“मग एका माणसाला एक तास पुरत नाही का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि राग आहे तो नेमका याचाच. पहाटे साडेचार ही वेळ कोणत्याही शास्त्राने सांगितलेली नाही, हे मला त्या उंबऱ्यावर उभ्याउभ्या उमगले. आमच्या पुण्याच्या घरी दिवाळीला नऊ माणसे जमतात आणि न्हाणीघर एकच आहे, म्हणून साडेचार. काका दार ठोठावत असतात, आत्या आतूनच “आले, आले” म्हणत आणखी दहा मिनिटे काढते, पाटावर बसवलेला धाकटा चुलतभाऊ डोळ्यांत उटणे गेले म्हणून भोकाड पसरतो, आई चिवड्याचा डबा नेमका कोणी उघडा टाकला याची चौकशी स्वयंपाकघरातून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात करते, आणि तेवढ्यात गल्लीत कोणीतरी पहिला फटाका उडवून मोकळा होतो. त्या गलक्याला मी इतकी वर्षे नावे ठेवली. इथे मी साडेचारचा गजर लावून रांगेत उभा राहिलो, पण रांगेत माझ्याशिवाय कोणीच नव्हते.

एवढ्यात आजीबाईंची नजर उंबऱ्याबाहेर गेली. “हे काय आहे?”

“राक्षस,” मी म्हणालो. शब्दकोशातला तेवढाच शब्द आठवला.

त्यांनी वाकून राक्षसाची पाहणी केली आणि निर्णय दिला, “भाजीपाल्याचा कचरा तपकिरी डब्यात टाकायचा. जिन्यात नाही.”

श्रीकृष्णाने वध केलेल्या असुराची उत्तरक्रिया कोणत्या रंगाच्या डब्यात करावी, हा प्रश्न आमच्या घराण्यात यापूर्वी कोणाला पडला असेल, असे वाटत नाही. मी निमूटपणे अंत्ययात्रा काढली.

आज लक्ष्मीपूजन. बत्तासे आणावेत म्हटले, तर 1 नोव्हेंबरला इथे सर्वसंतांच्या सणाची सुट्टी असते आणि दुकाने झाडून बंद. देवापुढे शेवटी साखरेचा चौकोनी खडा ठेवला. चकल्या आईने ऑगस्टमध्ये बॅगेत भरून दिलेल्या. त्या इतक्या मऊ पडल्या आहेत, की खाताना कानाला काही कळतच नाही. चकली वाजली नाही, तर ती चकली कसली!

संध्याकाळी आजीबाई पुन्हा आल्या. मी क्षणभर शुभेच्छांची आशा केली. त्यांनी माझ्या दाराच्या मुठीला ‘केरवोखे’ लिहिलेली पाटी अडकवली, म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्याची पाळी माझी, आणि मला झाडूचा पत्ता माहीत नसेल, अशा खात्रीने त्यांनी तोही आणून दिला. केर काढण्याला ही मंडळी ‘केर’च म्हणतात, एवढीच काय ती आपुलकी. उद्या पाडव्याला सकाळी सहानंतर मी तीन मजले झाडणार आहे.

अखेर फोटोखाली “सर्व यथासांग” एवढेच लिहून तो पाठवला. पणती, साखर, दोन चकल्या, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला तो झाडू. तो चौकटीत आला आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आईचे उत्तर लगेच आले: “पूजेला केरसुणी ठेवलीस, बरं केलंस. पण तिला हळदकुंकू कुठे वाहिलंय?”