म्हणे आम्ही घरात कपडे वाळत घालतो म्हणून भिंतीला ओल येते

आमच्या मालकांचा नवा शोध. बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी धरलीय ती आमच्यामुळे, कारण आम्ही आत कपडे वाळत घालतो आणि खिडक्या बंद ठेवतो. अहो काका, जुलै महिना, म्हापसा, पश्चिमेची खिडकी, पाऊस आडवा येतो इथे, उघडी ठेवली तर गादीवरच पडेल ना तो! आणि कपडे काय गच्चीवर वाळवू? शंभर इंचाच्या वर पाऊस पडणाऱ्या राज्यात राहतोय आपण.

आता दमट हवेने बुरशी येते हे खरंच आहे, कपाटामागे, चामडी बेल्टवर, चपलांवर, गोव्यात कुणाला सांगायची गरज नाही. पण ती कशी, जिथे हवा खेळत नाही तिथे कुठेही धरते. आमच्याकडे एकच भिंत धरलीय, बाहेरची, आणि तिच्यावर वर बीम संपतो बरोब्बर तिथून आडवी रेघ सुरू होऊन ओघळ खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत आलेत. वाऱ्याचा पाऊस झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी डाग मोठा, जरा उघडीप मिळाली की कडेला पांढरं पिठासारखं काहीतरी फुलून येतं, बोटाला लागतं. तो क्षार आहे, पाणी भिंतीतून येताना आतला क्षार घेऊन येतं आणि पाणी सुकलं की तो वर राहतो. आमच्या टॉवेलातून येतो का तो?

तरी म्हटलं वाद नको, तपासूनच बघू. भिंतीचा त्यातल्या त्यात बरा भाग कोरड्या फडक्याने पुसला आणि प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवला, दोन दिवस ठेवला. खोलीतल्या हवेचा दमटपणा असता तर थेंब प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला धरले असते. थेंब धरले आत, भिंतीकडून. फोटो काढून पाठवला. उत्तर काय, तर हात जोडलेला इमोजी!

कारण शोधायला इंजिनिअर नको. बीम काँक्रीटचा, त्याखाली चिऱ्यांचं बांधकाम, दोन्ही उन्हात वेगवेगळे फुगतात आणि आकसतात, मग जोडावर बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग पडते आणि वाऱ्याच्या जोराने पाणी तिथून आत शिरतं. पाणी बाहेरून येतंय तर उपाय बाहेरून हवा की नको? पण मे महिन्यात मालकांनी काय केलं, पेंटर पाठवला, त्याने आतून खरवडून पुट्टी मारली आणि वर चकचकीत ऑइलपेंट. "आता बघा, नवीन घर झालं." पावसाने जोर धरला तसे त्याच पेंटचे पोपडे वर आले, कारण आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही, ते पेंटच्या मागे साचलं आणि पेंट घेऊनच सुटलं. पैसे तर गेलेच, वर परत आम्हालाच ऐकवतात, "तुम्ही नीट ठेवत नाही घर."

सोसायटीला विचारलं तर बाहेरची भिंत असली तरी आधी मालकाने अर्ज द्यायला हवा, मालकाला विचारलं तर ते सोसायटीचं काम. चालू द्या.

आता खरी डोक्यात जाणारी गोष्ट. "पाऊस संपू द्या, मग बघू." कोटिंग ओल्या भिंतीवर धरत नाही, भिंत आधी सुकायला हवी, हे मलाही कळतं, उद्या परात घेऊन माणूस उभा करा असं मी म्हणतच नाहीये. पण पाणी कुठून येतंय हे बघायची वेळ आत्ताच आहे ना! डिसेंबरात माणूस आणला तर तो कोरडी भिंत बघून म्हणणार कुठे आहे ओल, सगळं ठीक आहे, एक हात रंग मारू. गेल्या वर्षी अगदी असंच झालं आणि सगळे खूश, आम्ही सोडून. आणि करार अकरा महिन्यांचा, तो संपेपर्यंत कुणाला आठवण राहत नाही. मग पुढचा भाडेकरू येतो.

म्हणून काल लेखी पाठवलं, मेसेज आणि ईमेल दोन्हीकडे, फोटो जोडून. वॉटरप्रूफिंगवाल्याला या महिन्यातच, पाऊस चालू असताना आणून भेग कुठे आहे त्यावर खूण करून घ्या. काम नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तारीख आत्ता लिहून द्या. भेग बाहेरून फोडून पॉलिमर मॉर्टर भरायचं, बीमच्या जोडावर जाळी टाकायची, खिडकीच्या वरचा छज्जा आणि खालची सिल दोन्हीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का बघायचं, मग प्रायमर आणि दोन हात कोटिंग. आतली भिंत त्यानंतर सुकू द्यायची आणि मगच रंग, तो पण ऑइलपेंट नको.

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं, "चवथ झाल्यावर बोलूया."

बोलायचं काय त्यात, तारीख मागितलीय मी!