बिट-बँगिंग एसपीआय: डिले आणि इंटरप्टबद्दलचा गैरसमज

"पिन टॉगल करून एसपीआय चालवताना प्रत्येक बदलानंतर १० मायक्रोसेकंद डिले टाका आणि शब्द पूर्ण जाईपर्यंत इंटरप्ट बंद ठेवा. नाहीतर क्लॉक वेडावाकडा होऊन डेटा चुकतो."

सोलापूरच्या प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर हा सल्ला सतत फिरतो, आणि यंत्रमागाच्या काउंटरमध्येही उतरतो. म्हणून उदाहरण तेच घेऊ: १६ मेगाहर्ट्झचा ATmega328P आणि आकडे दाखवायला MAX7219.

आधी डिले. MAX7219 क्लॉक वर जाताना डेटा वाचतो. त्याआधी डेटा २५ नॅनोसेकंद स्थिर हवा, आणि क्लॉक वर व खाली किमान ५० नॅनोसेकंद राहायला हवा. खालच्या कोडमध्ये PB5 हा क्लॉक, PB3 हा डेटा आणि `w` म्हणजे पाठवायचा १६ बिटांचा शब्द.

```c
for (uint8_t i = 0; i < 16; i++) {
    PORTB &= ~(1 << PB5);
    if (w & 0x8000) PORTB |= (1 << PB3);
    else            PORTB &= ~(1 << PB3);
    PORTB |= (1 << PB5);
    w <<= 1;
}
```

ऑप्टिमायझेशन चालू असेल तर पिन बदलणारी एकेक ओळ `sbi` किंवा `cbi` बनते आणि तिला दोन सायकल, म्हणजे १२५ नॅनोसेकंद लागतात. चिपला हवा तेवढा वेळ कोडमध्येच मिळतो. महत्त्वाचा आहे तो क्रम: डेटा आधी, क्लॉक नंतर. तो उलटला की सगळे आकडे एका बिटाने सरकतात, आणि दर वेळी तसेच सरकतात. डिले कितीही वाढवला तरी हा दोष जात नाही.

आता इंटरप्ट. एसपीआयमध्ये क्लॉक आपणच देतो. मध्येच इंटरप्ट आला तर एखादा बिट लांबतो, एवढेच. MAX7219 पुढच्या कडेची वाट पाहत थांबतो. उलट हा सल्ला पाळला तर एका शब्दाला निदान ३२० मायक्रोसेकंद इंटरप्ट बंद राहतात. त्याच बोर्डवर ११५२०० बॉडने सलग डेटा येत असेल तर दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो. यूएआरटीचा बफर दोनच बाइटांचा, त्यामुळे बाइट गळायला लागतात. मागाचा डेटा हरवतो आणि दोष वायरिंगवर येतो.

इंटरप्टचा खरा धोका वेगळ्या जागी आहे. पिनचा मास्क व्हेरिएबलमध्ये असेल तर `PORTB |= mask` वाचणे, बदलणे आणि लिहिणे अशा तीन सूचनांत फुटते. त्यामध्ये इंटरप्टने त्याच पोर्टवरचा एलईडी बदलला, तर जुनी किंमत परत लिहिली जाते आणि तो बदल पुसला जातो. डिस्प्ले ठीक, पण एलईडी अधूनमधून चुकतो, हे त्याचे लक्षण. इंटरप्ट बंद करायचेच तर त्या एका ओळीपुरते करा, किंवा एलईडी दुसऱ्या पोर्टवर न्या.

वेळेचे बंधन कुठेच नसते असे मात्र नाही. MCP3008 सारखा एडीसी नमुना कपॅसिटरवर धरतो. नमुना घेतल्यापासून दहाही बिट १.२ मिलिसेकंदात बाहेर काढले नाहीत तर तो चार्ज गळून रीडिंग चुकू शकते. तिथे लांबलचक इंटरप्ट नक्कीच घातक ठरतो, आणि १० मायक्रोसेकंदांचे डिले तर हाताशी असलेला वेळ आणखी खातात.