८० वॅटचा चार्जर, २५ वॅटचा फोन आणि पावणेतीन तास: एका प्रतिक्रियेला उत्तर

चार्जर आणि फोन यांची आपसात बोलायची पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल, जुळली नाही तर चार्जिंग मंद होतं, असं आम्ही म्हटलं होतं. त्यावर अमळनेरच्या एका वाचकांची प्रतिक्रिया:

«वॅट म्हणजे वॅट, त्यात कंपनी कुठून आली? माझ्या वनप्लसचा ८० वॅटचा चार्जर मुलीच्या सॅमसंगला लावतो. तिचा फोन फक्त २५ वॅट मागतो, तरी भरायला पावणेतीन तास लागतात. मे महिन्याच्या उन्हाने होत असेल, नाहीतर फोनच मुद्दाम अडवत असेल. तुम्ही उगाच प्रोटोकॉल प्रोटोकॉल करून लोकांना नवा चार्जर घ्यायला लावता.»

भाऊ, तो चार्जर जरा उजेडात धरा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. सुपरवूक ही वनप्लस-ओप्पोची स्वतःची जलद चार्जिंगची पद्धत. तिच्या ८० वॅटच्या अडॅप्टरवर आउटपुटच्या ओळीत सहसा दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, ५ व्होल्ट २ अँपिअर. दुसरी, ५ ते ११ व्होल्ट, ७.३ अँपिअर. यातली दुसरी फक्त सुपरवूक कळणाऱ्या फोनसाठी, म्हणजे वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांच्यासाठी. बाकी जगासाठी पहिली. ५ गुणिले २, म्हणजे १० वॅट. मोठ्या अक्षरात छापलेले ८० वॅट तुमच्या मुलीच्या फोनसाठी नाहीतच.

आता तुमचे पावणेतीन तास ताडून बघू. फोनची बॅटरी ५००० एमएएचची धरू. ३.८५ व्होल्टने गुणलं की साधारण १९ वॅट-तास ऊर्जा होते. १० वॅटमधले दीड-दोन वॅट केबलमध्ये आणि फोनच्या आत उष्णता होऊन जातात, बॅटरीत पडतात आठ-साडेआठ. म्हणजे सव्वादोन तास तर नुसत्या हिशोबाने झाले. शेवटच्या टप्प्यात बॅटरी करंट कमी कमी घेते, तो वेळ त्यात मिळवा. तुमचा आकडा बरोबर येतो. कोणी अडवत नाहीये, फोनला १० वॅट मिळताहेत आणि तो ते सगळे घेतोय.

मग त्याने जास्त का मागितले नाहीत? मागितले, पण ऐकणारं कोणी नव्हतं. कोणताही चार्जर सुरुवात ५ व्होल्टनेच करतो. आपल्याकडे भाव ठरल्याशिवाय केळीचा घड कापत नाहीत, तसंच इथेही दोघांचं ठरल्याशिवाय व्होल्टेज वर चढत नाही. ते चढलं तर समोरचं साधं उपकरण जळेल, म्हणून हा नियम सगळ्या कंपन्या पाळतात. बोलणी जमली नाहीत की चार्जर ५ व्होल्टवरच थांबतो. आपण ज्याला ‘स्लो चार्जिंग’ म्हणतो ते हेच.

ही बोलणी कोणत्या तारेवरून होतात, हा खरा मुद्दा आहे, आणि तुमचं उत्तर त्यातच आहे. तुमच्या अडॅप्टरचं तोंड जुन्या चपट्या यूएसबीचं, टाइप-एचं आहे. त्याच्यासोबतच्या लाल केबलचं फक्त फोनकडचं टोक टाइप-सी. टाइप-एमध्ये नेहमीचे संपर्क चारच: वीज, ग्राउंड आणि डेटाच्या दोन तारा, डी प्लस आणि डी मायनस. सुपरवूकची बोलणी या डेटाच्या तारांवर होतात. सॅमसंगचं २५ वॅटचं चार्जिंग मात्र यूएसबी पॉवर डिलिव्हरी या सगळ्या कंपन्यांना खुल्या असलेल्या पद्धतीवर, त्यातही तिच्या पीपीएस या प्रकारावर चालतं, आणि त्याची बोलणी टाइप-सीमधल्या ‘सीसी’ नावाच्या वेगळ्या तारेवर होतात. ही तार टाइप-ए तोंडातून बाहेरच येत नाही. केबलच्या सी टोकात नुसता एक ५६ किलोओहमचा रोधक असतो, त्यावरून फोनला एवढंच कळतं की पलीकडे जुन्या पद्धतीचा चार्जर आहे. सॅमसंगकडे डेटाच्या तारांवरून ९ व्होल्ट मागायची एक जुनी पद्धतही आहे, तिने १५ वॅट मिळतात. पण तुमच्या अडॅप्टरवर ९ व्होल्टची ओळ नसेल, तर त्या मागणीलाही उत्तर येत नाही. राहिले १० वॅट.

‘मग सगळ्यांनी एकच पद्धत का नाही ठेवली?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, आणि तो रास्त आहे. ओप्पोने २०१४ मध्ये वूक, म्हणजे सुपरवूकच्या आधीची पद्धत, आणलं, तेव्हा बाकीचे व्होल्टेज वाढवत होते. ९ व्होल्ट फोनमध्ये आले की ते बॅटरीच्या चार-साडेचार व्होल्टवर उतरवायला लागतात, त्यात फोन तापतो. ओप्पोने व्होल्टेज ५ च्या आसपास ठेवून करंट ४ अँपिअरवर नेला आणि तापायचं काम अडॅप्टरकडे सोपवलं. पण साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतचीच, आणि ओळख सांगणारी चिप असली तर ५ पर्यंत. म्हणून वूकला स्वतःची जाड केबल लागते, आणि ती नसली की त्यांच्याच चार्जरवर त्यांचाच फोन मंद होतो. पीपीएस नंतर आलं आणि त्याने वेगळी वाट धरली. फोन चार्जरला २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी सांगत राहतो की आता एवढंच दे. बॅटरीच्या दुपटीहून जरासं जास्त व्होल्टेज मागायचं आणि फोनमध्ये ते निम्मं करायचं, की उष्णता कमी होते. दोन्ही उपाय हुशारीचे आहेत. एक मात्र बंद कुंपणातला आहे, दुसरा खुल्या मानकातला, आणि माझं मत खुल्याच्या बाजूने आहे. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या फोनला पॉवर डिलिव्हरी चालायलाच हवी, असा कायदा आहे. कंपनीची स्वतःची पद्धत सोबत ठेवायला हरकत नाही.

आता उन्हाचं. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. जळगाव-भुसावळकडे दुपारी पारा ४४-४५ ला टेकला की बॅटरी वाचवण्यासाठी फोन स्वतःच करंट कमी करतो, मग चार्जर कुठलाही असो. ऊन की प्रोटोकॉल, हे ओळखायला टाइप-सीचा छोटा मीटर केबलच्या मध्ये लावा. बॅटरी २०-३० टक्के असताना आणि स्क्रीन बंद करून आकडे बघा, कारण बॅटरी बरीच भरली की करंट तसाही घसरतो. मीटर ५ व्होल्ट आणि दोनच्या आत अँपिअर दाखवत असेल, तर बोलणी झालेलीच नाहीत. व्होल्ट आठ-नऊच्या घरात असून अँपिअर पडले असतील, तर बोलणी झाली आहेत आणि बहुधा उष्णता आडवी आलीय. सावलीत, पंख्याखाली, कव्हर काढून पुन्हा बघा. मीटर नसेल तर सॅमसंगच्या लॉक स्क्रीनवर लक्ष ठेवा. `Super fast charging` आलं तर पीपीएस जमलं. `Fast charging` म्हणजे साधारण १५ वॅट. नुसतं `Charging` आलं तर ५ व्होल्ट. तुमच्याकडे हे तिसरंच दिसत असणार.

नवा चार्जर घ्यायला लावतो म्हणता, तर घरात मुलीच्या फोनचा टाइप-सी तोंडाचा २५ वॅटचा चार्जर असेल, तर काहीच घेऊ नका. तोच तिला लावा. उलट बाजूने तोच चार्जर तुमच्या वनप्लसला लावलात, तर पॉवर डिलिव्हरीवर बहुतेक मॉडेल १५-१८ वॅटच्या आसपास घेतात, काही त्याहून जास्त. १० पेक्षा बरंच. घ्यायचाच झाला, तर दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल आणि असा अडॅप्टर बघा ज्यावर ‘पीपीएस’ अक्षरं आणि त्यापुढे ३.३ ते ११ व्होल्टची ओळ छापलेली आहे. नुसते मोठे वॅट छापलेले, पण व्होल्ट-अँपिअरची ओळ नसलेले चार्जर दुकानदाराला परत करा. तुमचा लाल केबलवाला मात्र वनप्लससाठीच राखून ठेवा, आणि त्याची केबलही. संध्याकाळी वीज तासाभरासाठीच आली, तर ८० वॅट खरंच उपयोगी पडतात.