एका चंद्राला तीन सूर्य

आमच्या सोसायटीच्या कोजागिरीच्या बॅनरचं चित्र यंदा एआयकडून काढून घ्यायचं ठरलं आणि चित्रात काय हवं ते सांगणारा प्रॉम्प्ट सगळ्यांनी मिळून लिहिला. सगळ्यांनी मिळून म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्याला जे सुचलं ते त्याने आधीच्याच्या खाली चिकटवलं. माझ्याकडे 'जरा फायनल करून टाका' म्हणून तो आला, तेव्हा दोनशे शब्दांच्या पुढे गेला होता. त्यात पौर्णिमेची मध्यरात्र होती, सूर्यास्ताचं सोनेरी ऊन होतं, स्टुडिओतला मऊ प्रकाश होता आणि कॉलेजला जाणाऱ्या कुणाच्या तरी हौसेचा निऑन होता. फोटो खराखुरा हवा होता, शिवाय तो जलरंगात आणि वारली शैलीत हवा होता. कॅमेरा ड्रोनवर होता, दुधाच्या ग्लासाजवळही होता, आणि त्याला माशाच्या डोळ्याची लेन्स लावलेली होती.

मांडववाला अशा वेळी निदान विचारतो, "साहेब, नक्की काय करायचंय?" एआय विचारत नाही. ते सगळ्यांचं थोडं थोडं ऐकतं. आमच्या पहिल्या चित्रात आकाश केशरी होतं, त्यात चंद्र पिवळाधमक होऊन सूर्यासारखा तळपत होता, माणसांच्या सावल्या दोन दिशांना पळत होत्या आणि चेहरे गुळगुळीत मेणाचे झाले होते. दूध मात्र कुठेच नव्हतं. त्याचं कारण साधं होतं. मी वापरतो ते स्टेबल डिफ्यूजन नावाचं चित्रं काढणारं जुनं मॉडेल, आणि त्याचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी 77 टोकन घेतो. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. त्यातली दोन सुरुवात आणि शेवट दाखवण्यात जातात, उरतात 75. पुढचं काही साधनं तुकडे करून वाचतात, काही सरळ टाकून देतात. माझं टाकून देणाऱ्यांतलं. आणि आमच्या प्रॉम्प्टमध्ये दूध शेवटच्या ओळीत होतं, कारण ते सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

कात्री चालवायची, पण कुठून? बहुतेक जण प्रकाशापासून सुरू करतात. माझ्या मते आधी शैली ठरवावी, कारण शैली ठरली की बाकीच्या कितीतरी ओळी आपोआप गळतात. वारलीचंच घ्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी माणसं, दोन त्रिकोणांची धडं, गोल डोकी. तिथे सावली नाही, खोली नाही, लेन्स नाही. वारली ठेवली असती तर प्रकाश आणि कॅमेऱ्याचं सगळं भांडण एका फटक्यात मिटलं असतं. पण चेअरमनना खरा फोटो हवा होता, आणि वारलीची ओळ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची होती. त्या दर वर्षी मसाला स्वतः कुटतात. त्यांची ओळ उडवायची म्हणजे यंदा बिनवेलचीचं दूध.

यावर एक उपाय आहे, तो मला फार आवडतो. नको असलेल्या शैलीला चित्रातली वस्तू करून टाकायचं. चित्र वारली शैलीत नाही, पण गच्चीच्या कठड्यावर वारली चित्रं रंगवलेली आहेत. काकू खूश, फोटोही फोटोच राहिला. निऑनचीही अशीच बदली केली. तो आता बल्बच्या माळेत नोकरीला आहे. जलरंगाला मात्र जागा मिळाली नाही. ती ओळ खजिनदारांची होती आणि वर्गणी त्यांनी आधीच गोळा केलेली होती.

मग कॅमेरा. ड्रोनवरून खाली पाहिलं तर डोक्यांचे मध्यभाग दिसतात, चंद्र दिसणारच नाही, कारण तो ड्रोनच्या वर आहे. ड्रोन गेला. ग्लासाचा क्लोजअप ठेवला तर गच्ची आणि माणसं गेली. तोही गेला. उरली रुंद लेन्स आणि 'भव्य चंद्र', आणि या दोघांचं वैर जुनं आहे. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. अख्खी गच्ची मावावी म्हणून 24 मिलिमीटरची लेन्स लावली, तर सहा फूट रुंद बॅनरवर तो शर्टाच्या बटणाएवढा, सव्वा सेंटिमीटरसुद्धा नाही. मोठा चंद्र हवा असेल तर लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि मग शेजाऱ्यांना गच्चीबाहेर उभं करावं लागतं. एआयला या गणिताचं बंधन नाही, ते परातीएवढा चंद्रही काढून देईल. पण मग वरच्या 'अगदी खरा फोटो' या ओळीचं काय? मी 35 मिलिमीटर आणि डोळ्यांच्या उंचीवर तडजोड केली. आयएसओ आणि शटर स्पीडच्या ओळी काढताना तर हातही थरथरला नाही. तिथे ना शटर आहे ना सेन्सर. हे आकडे फोटोंखालच्या मजकुरातून शिकलेले, त्यांनी फार तर फोटोचा वास येतो.

खरी अडचण प्रकाशाची निघाली. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतो त्याच सुमारास उगवतो, तेही बरोबर समोरच्या बाजूला. म्हणजे सोनेरी ऊन असताना तो क्षितिजाला टेकलेला असतो, आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. मध्यरात्र ठेवली तर समोर पाहणाऱ्या कॅमेऱ्यात चंद्र येणारच नाही. म्हणून ऊनही गेलं आणि मध्यरात्रही गेली. वेळ धरली चंद्र उगवून तासभर झाल्याची, आकाश गडद निळं. पण चंद्र चित्रात समोर दिसतोय, म्हणजे तो माणसांच्या मागे आहे. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड कुणाचा? चांदणं पाठीवर पडतंय आणि चेहरे काळोखात! इथे त्या बल्बच्या माळेला काम मिळालं. चेहरे डावीकडच्या माळेने उजळायचे आणि चंद्राने फक्त दिसायचं. दोन दिवे चालतात, पण कोणी काय करायचं ते सांगून. दोघांनाही सगळं उजळायला सांगितलं की सावल्या पळू लागतात.

एक ओळ फसवी होती: 'कुणाच्याही हातात मोबाइल नको.' ती प्रॉम्प्टमध्ये घातली की सगळ्यांच्या हातात मोबाइल येतात, कारण हे जुनं मॉडेल 'मोबाइल' ऐकतं आणि 'नको' कानाआड करतं. नको त्या गोष्टींचा वेगळा रकाना असतो. मोबाइल तिकडे पाठवला.

कुठली ओळ खरंच काम करते हे पाहायला सीड नावाचा आकडा तोच ठेवायचा, म्हणजे ज्या ठिपक्यांच्या गोंधळातून चित्र सुरू होतं तो तोच राहतो, आणि एकेक ओळ काढत जायची. 'मास्टरपीस, 8K, अप्रतिम' काढलं, चित्र जवळपास तसंच राहिलं. तो शब्दांचा मेवा कुणाचा होता ते मी सांगणार नाही, ती मंडळी माझ्या मजल्यावर राहतात. बल्बची ओळ काढली तेव्हा मात्र सगळे चेहरे विझले. ती राहिली. शेवटी एवढं उरलं, दूध पुढे घेऊन:

```
photo, neighbours sitting around a large pot
of milk, housing society terrace, full-moon night,
faces lit by a string of warm bulbs on the left,
small full moon in dark blue sky,
Warli mural on the parapet wall,
35mm lens, eye level
```

चाळीसेक शब्द. चित्र छान आलं. सावल्या एकाच दिशेला, दूध भरपूर, कठड्यावर काकूंची वारली. ग्रुपवर अंगठे पडले. देवनागरी अक्षरं मात्र या मॉडेलकडून नीट येत नाहीत, 'कोजागिरी'च्या वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून तेवढा मजकूर टाकायला चित्र कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे दिलं.

संध्याकाळी बॅनर आणायला गेलो. त्याने तो अभिमानाने उलगडला.

"चंद्र फारच बारीक आला होता साहेब," तो म्हणाला, "म्हणून मी आपल्याकडचा एक मोठा टाकला. त्याचे वेगळे पैसे नाही घेतले."