जीडीत तुमच्या वाट्याला दीड मिनिट येतं

प्लेसमेंटचा सीझन सुरू झालाय आणि कोथरूडपासून वाघोलीपर्यंत फायनल इयरच्या पोरांना परत तेच सांगितलं जातंय की ग्रुप डिस्कशनमध्ये, म्हणजे जीडीत, पहिलं तूच बोल आणि शेवट पण तूच कर, म्हणजे सिलेक्शन पक्कं. मी काही वर्षं कंपनीच्या बाजूने पॅनेलवर बसलेय, आता कॉलेजात मॉक जीडी घेते, आणि हा सल्ला ऐकला की मला खरंच राग येतो, कारण दहाच्या दहा जणांना हेच शिकवून पाठवलेलं असतं आणि मग पहिल्या मिनिटाला खोलीत मच्छी बाजार भरतो. त्यात चांगली, विचार करणारी पोरं गप्प बसून राहतात आणि बाहेर येऊन म्हणतात, मॅडम चान्सच मिळाला नाही.

आधी साधा हिशोब करा. दहा जणं, पंधरा मिनिटं. म्हणजे एकाच्या वाट्याला दीड मिनिट, बस्स. आणि हे दीड मिनिट एका दमात वापरायचं नसतं, वीस-पंचवीस सेकंदांच्या तीन-चार खेपांत वापरायचं असतं. पंचवीस सेकंदांत आपण इंग्रजीत साधारण साठ शब्द बोलतो, म्हणजे तीन-चार वाक्यं. एवढंच बोलायचंय हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती तिथेच जाते, विशेषतः ज्यांचं शिक्षण मराठी मीडियममध्ये झालंय आणि ज्यांना वाटतं की आपल्याला पाच-पाच मिनिटं फाडफाड इंग्रजी बोलायचंय. नाही बोलायचं. उलट जो पाच मिनिटं बोलतो तो बाकीच्या दोघा-तिघांचा वेळ खातो आणि पॅनेलला ते स्पष्ट दिसतं.

कसं दिसतं ते सांगते. मी पॅनेलवर असताना कागदावर एक गोल काढायचे, गोलाभोवती नंबर, कुणी बोललं की त्याच्या नंबरापुढे एक टिकमार्क, आणि कुणी कुणाचा मुद्दा धरून बोललं की एकाकडून दुसऱ्याकडे बाण. पंधरा मिनिटांनी कागदाकडे बघितलं की कळायचं, काहींच्या नंबरापुढे नुसते टिकमार्क, बाण एकही नाही. म्हणजे माणूस सहा वेळा बोललाय पण कुणाचंच ऐकलेलं नाही. आणि कुणीतरी असायचं ज्याचे तीनच टिकमार्क, पण त्याच्याकडे चार बाण आलेले, म्हणजे बाकीचे त्याच्या मुद्द्यावर पुढे बोलत होते. हा दुसरा मला हवा असायचा. प्रत्येक पॅनेल असा गोल काढतं असं नाही, पण बघत सगळे हेच असतात.

आता एक मॉक सांगते, परवाचाच. विषय साधा, पुण्याच्या ट्रॅफिकवर मेट्रो हे उत्तर आहे का. विचार करायला दोन मिनिटं दिली. पहिल्या मुलाने ठरवून आल्यासारखी सुरुवात केली आणि जोरात सांगितलं की मेट्रो 2020 पासून चालू आहे तरी ट्रॅफिक तसंच. त्यावर दुसरा लगेच तुटून पडला, अरे चूक आहे, 2022 आहे, आणि पुढची दोन मिनिटं दोघं तारखेवरच भांडत बसली. तारीख दुसऱ्याचीच बरोबर होती, 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी हे पहिले टप्पे सुरू झाले. पण बरोबर असूनही त्याला काही मिळालं नाही, कारण दुरुस्ती करायला एक अर्धं वाक्य पुरतं. “मार्च 2022 बहुतेक, पण तुझा मुद्दा तसाही राहतोच,” असं म्हणून पुढे जायचं. समोरच्याची लाज राहते, चर्चा चालू राहते.

मग तिसरा एक मुलगा बोलायला लागला की मेट्रो आहे हो, पण घरापासून स्टेशनपर्यंत जायचं कसं, रिक्षाला तिकिटापेक्षा जास्त जातात. चांगला मुद्दा होता पण बिचाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोघांनी उचललं आणि विषय पार्किंगवर गेला. इथे सोलापूरकडची एक मुलगी, तोवर एक शब्द न बोललेली, ती आत आली. कशी आली ते मी नीट बघितलं. आधी ती खुर्चीत पुढे सरकली, हात टेबलावर ठेवला. समोरच्यांना न कळत समजतं की हिला काहीतरी बोलायचंय. मग पार्किंगवाला मुलगा श्वास घ्यायला थांबला आणि तिने थेट विषयाच्या शब्दानेच सुरुवात केली, “स्टेशनपर्यंत पोचायचा जो मुद्दा याने काढला तो अर्धवट राहिला.” पहिले दोन शब्द जरा वरच्या आवाजात, पुढचे नेहमीच्या. खोली शांत झाली.

यातली गोम अशी की बहुतेक मुलं “एक्सक्यूज मी, आय वुड लाईक टू ॲड समथिंग” म्हणून सुरुवात करतात. मिळालेली फट जेमतेम एका सेकंदाची असते, ती या वाक्यातच संपते, आणि ऐकणाऱ्याला तोवर कळलेलंच नसतं की ही काय सांगणार आहे, मग तो थांबेल कशाला? मुद्द्याचं नाव आधी घेतलं की लोकं थांबतात. आणि ज्याचा मुद्दा मध्येच तुटला होता तो मुलगा तर लगेच मान हलवायला लागला, म्हणजे तिच्या बाजूने एक माणूस आपोआप तयार झाला. गोंधळात आवाज चढवून कुणी जिंकत नाही, दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करणाऱ्याला मात्र वाट मिळते. माझं ठाम मत आहे की जीडीत शिरायचा याच्याइतका चांगला रस्ता नाही.

पुढे ती काय बोलली तेही सांगते. पीएमपीएमएल 2007 साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून झाली, त्याच्या आधी 2006 च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी वेगळी लेन, सुरू झाली, पण त्या लेनमध्ये खासगी गाड्या घुसत राहिल्या आणि बसला जो वेळ वाचायला हवा होता तो वाचला नाही. तर प्रश्न मेट्रो हवी की नको हा नाहीच, मेट्रोच्या स्टेशनाला बस जोडलेली आहे का हा आहे. आणि मग थांबताना म्हणाली, “पिंपरीकडून रोज येणारं कुणी आहे का इथे, त्यांचा अनुभव काय?” तीसेक सेकंद. मागचा मुद्दा धरला, त्यात एक उदाहरण घातलं, चर्चेचा प्रश्न बदलला आणि दार उघडं ठेवून बाजूला झाली. त्यानंतर चार मिनिटं सगळे तिच्याच प्रश्नावर बोलत होते आणि ती गप्प बसून लिहून घेत होती.

तिचं शेवटचं वाक्य नीट बघा, कारण गप्प बसलेल्याला बोलतं करायचं असतं ते असं. क्लासमध्ये शिकवतात की शांत मेंबरला चान्स द्या, मार्क मिळतात, मग पोरं मध्येच बोट दाखवून म्हणतात, “तू अजून काहीच बोलली नाहीस, तुला काय वाटतं?” जिला विचारलं ती आधीच घाबरलेली, आता दहा जणांसमोर तिचं न बोलणं जाहीर झालं. हा मोठेपणा नाही, ही दादागिरीच आहे, आणि पॅनेलला कळते. त्यापेक्षा असा प्रश्न टाकायचा की ज्याचं उत्तर त्या माणसाकडे असायची शक्यता आहे. आमच्याकडे पिंपरीहून येणारा मुलगा कोपऱ्यात बसला होता आणि तो खरंच बोलला.

आपण जास्त होतोय का हे ओळखायची माझी एक खूण आहे. तुमच्या दोन बोलण्यांच्या मध्ये फक्त एकच माणूस बोललाय असं दोनदा झालं तर थांबा. म्हणजे तुम्ही प्रत्येकाला उत्तर देताय, ग्रुपचं दोघांच्या वादात रूपांतर झालंय, आणि बाकीचे खुर्चीला पाठ टेकून बसले असतील, बघा हवं तर. अशा वेळी तुमचा मुद्दा कितीही बरोबर असो, पुढचे तीन जण बोलेपर्यंत नुसतं लिहायचं. आणि तुम्हालाच कुणी मध्ये तोडलं तर एकदा शांतपणे “दहा सेकंदांत संपवतो” म्हणून वाक्य पुरं करायचं, दुसऱ्यांदा तोडलं तर सोडून द्यायचं, तिथे ताणलं की दोघंही जातात.

आता समरी. त्या मॉकमध्ये शेवटची दोन मिनिटं राहिली असं मी सांगितल्यावर पहिल्या मुलाने झडप घातली आणि म्हणाला, तर आपलं सगळ्यांचं एकमत झालं की मेट्रो फेल आहे. एकमत कुठे झालं होतं? निम्म्या लोकांनी उलटं सांगितलं होतं, कुणीतरी तर सप्टेंबर 2024 ला लाईन स्वारगेटपर्यंत गेल्याचा दाखला देऊन म्हणालं होतं की जाळं पुरं व्हायच्या आधी निकाल देऊ नका. खोटं एकमत ही समरीतली सगळ्यात मोठी चूक, कारण तिथे बसलेल्या नऊ जणांना आणि पॅनेलला जागच्या जागी कळतं की याने ऐकलंच नाही. दुसरी चूक म्हणजे राहून गेलेला आपला मुद्दा समरीत घुसडणं. नवीन काही आलं की ती समरी राहत नाही, ते तुमचं पाचवं भाषण होतं.

मग त्या सोलापूरकडच्या मुलीला मी मुद्दाम समरी करायला सांगितली. कागदावर तिने दोन रकाने केले होते, बाजूने आणि विरुद्ध, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे बोलणाऱ्याचा नंबर. ती साधारण असं बोलली, “मेट्रोमुळे ट्रॅफिक कमी होईल का यावर आपण बोललो. काहींचं मत होतं की जाळं अजून वाढतंय, आत्ता निष्कर्ष काढणं घाईचं होईल. काहींना वाटलं की पार्किंग आणि दुचाक्यांवर काही केलं नाही तर फरक पडणार नाही. स्टेशनपर्यंत बस हवी यावर बहुतेक जण सहमत होते. दुचाकीवर बंधन घालावं का यावर मात्र आपलं एकमत झालं नाही.” झालं, अर्ध्या मिनिटात. तिचं स्वतःचं मत त्यात कुठेच नव्हतं. जे ठरलं नाही ते ठरलं नाही म्हणून सांगितलं, आणि मला विचाराल तर समरीतलं सगळ्यात दमदार वाक्य तेच.

काही पॅनेल प्रत्येकाला तीस सेकंद समरी करायला लावतात. तुमचा नंबर आठवा असेल तर आधीच्या सातांनी सगळं सांगितलेलं असतं. तेव्हा तेच परत म्हणायचं नाही, कागद बघायचा आणि सातही जणांकडून सुटलेला मुद्दा शोधायचा, बहुतेक वेळा तो एकदाच बोललेल्या माणसाचा असतो. त्याचा नंबर घेऊन तो सांगायचा आणि मग एका वाक्यात मोठे मतभेद.

प्रॅक्टिस करायची तर सहा जण जमवा, नऊ मिनिटं लावा, हिशोब तोच येतो, डोक्यामागे दीड मिनिट. मोबाईल मध्ये ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त दोन गोष्टी लिहा, कोण किती सेकंद बोललं आणि कुणी कुणाचा मुद्दा पुढे नेला. भाषा, ॲक्सेंट, ग्रामर यातलं पहिल्या आठवड्यात काहीही तपासू नका.