पाचट पेटवण्याचे शास्त्र

ऊस तुटून टोळी दुसऱ्या फडात गेली, की मागे राहिलेले पाचट त्याच संध्याकाळी पेटवून द्यावे. दोन दिवस थांबल्यास विचार करण्याची सवय लागते. एकरी तीन ते चार टन पाचट घटकाभरात नाहीसे करणारे दुसरे साधन अजून निघालेले नाही. आता, चार टन पाचटात अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने साधारण वीस किलो नत्र असते आणि पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एका गोणीतही जवळपास तेवढेच असते, हे खरे. पण ते नत्र धुराबरोबर गावाच्या छातीत गेले म्हणून काय झाले, आपल्याला दुकानातून नवी गोणी आणता येतेच. राखेत पालाश उरतो, तेवढ्यावर समाधान मानावे.

बांधावरचे लिंब होरपळले, ठिबकच्या नळ्या वितळून सरीला चिकटल्या किंवा ठिणगी उडून शेजाऱ्याचा उभा ऊस जळीत म्हणून कमी दरात कारखान्याला गेला, तर वाऱ्याला दोष द्यावा. वारा कधी पंचनाम्याला येत नाही. शेजारी मात्र येतो.

काही हट्टी शेतकरी खोडव्यात पाचट ठेवतात. त्यांचा खटाटोप पाहा. बुडख्यांवरचे पाचट ते सरीत ओढतात आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटतात, कारण वर राहिलेल्या डोळ्यांचे फुटवे कमजोर निघतात आणि जमिनीखालचे जोमदार. मग पाचटावर एकरी बत्तीस किलो युरिया, चाळीस किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक पसरून पाणी देतात. युरिया वगळला, तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात, कोवळा खोडवा पिवळा पडतो आणि मग 'पाचट ठेवले म्हणून ऊस गेला' असे पारावर ठामपणे सांगता येते. (निचरा नसलेल्या चिबड रानात मात्र ही तक्रार निव्वळ बहाणा नसते, तिथे आधी चर काढावा लागतो.) पहिले पाणी सरीतून सावकाश सरकते आणि उंदरांवर नजर ठेवावी लागते, हेही त्यांना मान्य आहे. तरीही पुढे तण कमी येते आणि ओल टिकते, म्हणून ते पाण्याच्या पाळ्या लांबवतात. पाटकऱ्याच्या मागे धावण्याची मौज त्यांनी घालवली आहे.

पाचट असताना खत फेकून चालत नाही, म्हणून हे लोक वाफसा आल्यावर बुडख्यापासून चार-पाच बोटे अंतरावर पहारीने वीतभर खोल छिद्र पाडतात, त्यात खत टाकून ते मातीने बुजवतात. पहिली मात्रा पंधरा दिवसांत आणि दुसरी साधारण एकशे पस्तीस दिवसांनी. दुसऱ्या खेपेला आत शिरावे, तर पाचट पायाखाली काळे होऊन मोडत असते आणि खिशात काडीपेटी असली तरी पेटवण्याजोगे काही उरलेले नसते. एवढी गैरसोय सोसण्याची तुमची तयारी आहे का, ते टोळी फडात असतानाच ठरवावे.