४.३१ नाही, ९.९९ बघा

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, पाच सत्रांचा उपचार बारा सत्रांपेक्षा कमी नाही असं तुम्ही लिहिलं. पण आकडा तर बारा सत्रांच्या बाजूनं ४ गुणांनी झुकलेला आहे! फरक सिद्ध झाला नाही म्हणून दोन्ही सारखेच, असं सांगून खेड्यातल्या लोकांना अर्धाच उपचार देणार का?"

दादा, तसं मी म्हटलं असतं तर तुमचा राग रास्तच होता. वीस माणसं घेऊन अभ्यास केला तर बहुतेक फरक सिद्ध होतच नाहीत. पण इथं प्रश्नच वेगळा विचारला होता: छोटा उपचार आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मागे तर पडत नाही ना?

२०१८ च्या त्या अमेरिकन अभ्यासात पीटीएसडीचे, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात राहून गेलेल्या त्रासाचे, १२६ रुग्ण होते. काहींनी पाच सत्रांत आघाताबद्दल लिहिलं, बाकीच्यांना बारा सत्रांची सीपीटी, म्हणजे आघाताबद्दलचे विचार तपासून बदलायला शिकवणारा मानसोपचार मिळाला. कॅप्स-५ ही मोजपट्टी ० ते ८० गुणांची; गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. लेखनाचा उपचार १० गुणांहून मागे पडायला नको, ही मर्यादा ठरलेली होती.

सर्वांत मोठा फरक २४ आठवड्यांनी दिसला, ४.३१ गुण. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्यात असावा असा अंदाजाचा पट्टा, −१.३७ ते ९.९९. अशा 'कमी तर नाही ना' तपासणाऱ्या, म्हणजे नॉन-इन्फिरिऑरिटीच्या अभ्यासात बघायचं ते वरचं टोक, कारण लेखन फार तर किती मागे असू शकेल ते तिथं कळतं. ९.९९ हे १० च्या आत, म्हणून पास, तेही काठावर. मर्यादा ८ असती तर पट्टा ती ओलांडून गेला असता आणि निकाल 'कमी ठरला' असा नव्हे, 'सांगता येत नाही' असा लागला असता.

म्हणून खरं भांडण १० या आकड्याशी आहे, आणि तिथं मी तुमच्या बाजूची आहे. एवढा फरक माणसाला जाणवतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. सीपीटी जवळपास ४० टक्के लोकांनी अर्ध्यात सोडली, लेखन फक्त ६ टक्क्यांनी. सोडून गेलेले हिशेबात धरले की सीपीटीचं पारडं हलकं होतं आणि दोन्ही उपचार जवळ आल्यासारखे दिसतात. म्हणून उपचार पूर्ण केलेल्यांचा हिशेब वेगळा मांडून बघावाच लागतो. पण ते सोडून जाणंही खरंच आहे. आमच्या केंद्रावर येणाऱ्या एका बाईनं वेचणी सुरू झाल्यावर तिसऱ्या सत्रानंतर येणं थांबवलं. कापसाची मजुरी किलोवर, एक खेप म्हणजे अख्खा दिवस, आणि सकाळची एसटी चुकली की दुसरी दुपारी.

आपल्या तालुक्यात असा अभ्यास करायचा तर सात खेपा वाचवायला किती गुणांचा त्रास सोसाल, हे मी अशाच बायांना आधी विचारीन आणि पहिला रुग्ण घेण्याआधी तो आकडा कागदावर लिहून ठेवीन. तो ५ निघाला तर माणसं कितीतरी जास्त लागतील. पट्टा अर्धा करायचा म्हणजे चौपट.